परिपाठातलं ग्रंथपालांचं भाषण: रोज नीट वाचायला मुलांना सांगायचं ते कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या शाळांमध्ये १५ ऑक्टोबरला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनाला, परिपाठात ग्रंथपालांना हमखास बोलायला उभं केलं जातं. काही शाळांत १२ ऑगस्टच्या ग्रंथपाल दिनालाही. खालचे प्रश्न पाचवी ते आठवीच्या मुलांसमोर असं भाषण करणाऱ्यांसाठी आहेत. वर्गशिक्षकांना आणि पालकांनाही त्यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

भाषण किती वेळाचं असावं?

आठ मिनिटं. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष हे सगळं उरकेपर्यंत मुलं बराच वेळ उभी असतात. पटांगणावर ऊन असेल तर पाचव्या मिनिटालाच मागच्या रांगांची चुळबुळ सुरू होते. माइकवर सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे तुमच्या हातातला मजकूर सात-आठशे शब्दांच्या वर जाता कामा नये. शाळा दोन सत्रांत भरत असेल तर भाषण दोनदा करायचं आहे हे धरून चाला. दुपारच्या मुलांना सकाळचा सारांश ऐकवू नका.

विषय ‘वाचन’ आणि ‘नीट वाचन’ यांत एवढा फरक करायची गरज आहे का?

आहे, कारण बहुतेक भाषणं तिथेच घसरतात. ‘वाचाल तर वाचाल’ मुलांनी पहिलीपासून फळ्यावर पाहिलेलं असतं, ते कानावरून जातं. पुस्तकं किती वाचली यावर भर दिला की मुलं पातळ पुस्तकं निवडतात आणि वाचनालयाच्या वहीत फक्त नावं वाढतात. आणि ‘नीट वाचा’ एवढंच सांगितलं तर मूल तेच पान त्याच वेगानं, फक्त जरा गंभीर चेहऱ्यानं वाचतं.

नीट वाचणं म्हणजे नेमकं काय करायचं हे त्याला समोर घडताना दिसलं पाहिजे. म्हणून भाषणाचा निम्मा वेळ एका छोट्या उताऱ्याला द्या. तो सगळ्यांसमोर एकदा घाईनं वाचा, एकदा नीट, आणि दोन वाचनांमध्ये काय निसटलं ते दाखवा.

उतारा कसा निवडायचा?

साठ ते सत्तर शब्दांचा, एका दमात ऐकता येईल असा, आणि ज्याची गोष्ट मुलांना आधीच ‘माहीत आहे’ असं वाटतं असा. शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची. माहीत आहे असं वाटलं की मूल शब्द वाचत नाही, आठवणीतलं वाचतं. पुण्यात त्यासाठी पानशेतचा पूर चांगला चालतो, घराघरांत आजी-आजोबांकडून तो ऐकलेला असतो. हा उतारा वापरायला हरकत नाही:

> पानशेतचं धरण आंबी नदीवर आहे. १९६१ साली त्याचं काम अजून पूर्ण झालेलं नव्हतं, तरी पावसाळ्यात त्यात पाणी साठलं होतं. १२ जुलैला हे मातीचं धरण फुटलं. तिथून सुटलेला लोंढा खाली खडकवासल्याच्या तलावात आला. खडकवासल्याचं धरण मुठेवर, दगडी आणि पानशेतपेक्षा कितीतरी जुनं. एवढं पाणी त्यालाही पेलवलं नाही. त्याच दिवशी तेही फुटलं आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. पुणेकर मात्र या पुराला पानशेतचा पूर म्हणतात.

कविता घेऊ नका, तिथे चर्चा अर्थाऐवजी भावनेकडे वळते. पाठ्यपुस्तकातला धडाही नको. त्याचे स्वाध्याय सोडवून झालेले असतात, मुलं उत्तरं पाठ म्हणून दाखवतील.

या उताऱ्यावर प्रात्यक्षिक कसं करायचं?

पहिल्यांदा उतारा बातम्या वाचतात त्या वेगानं वाचा आणि लगेच एकच प्रश्न विचारा: ‘त्या दिवशी किती धरणं फुटली?’ उत्तर तोंडानं घेऊ नका. जितकी धरणं तितकी बोटं, आणि बोटं छातीशी धरायची. हात वर करायला सांगितलं की अख्खी रांग हुशार मुलाकडे बघून बोटं बदलते. छातीशी धरली की शेजाऱ्याची दिसत नाहीत, तुम्हाला मात्र समोरून दिसतात. एक बोट दाखवणारी मुलं बरीच निघतात, कारण ‘पानशेतचा पूर’ हे नावच एका धरणाचं आहे.

उत्तर तेव्हाच सांगू नका. उतारा पुन्हा वाचा, या वेळी प्रत्येक पूर्णविरामाला मनात दोन अंक मोजून. आणि तीन ठिकाणी थांबा.

पहिलं ठिकाण ‘पूर्ण झालेलं नव्हतं’. मराठीत नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो. ‘त्याचं काम अजून पूर्ण…’ इथवर आलं की घाईचा डोळा पुढचं स्वतःच भरतो आणि खालच्या वाक्यावर उडी मारतो. वाक्याचं शेपूट गेलं की ‘नव्हतं’ गेलं, आणि धरण बांधून पुरं झालं होतं असा नेमका उलटा अर्थ डोक्यात राहतो. मुलांना हे सांगताना वाक्य मुद्दाम ‘पूर्ण’पाशी तोडा आणि पुढचं त्यांना म्हणू द्या. ‘झालं होतं’ असा आवाज उठला तर तुमचं काम सोपं झालं.

दुसरं ठिकाण ‘त्यालाही पेलवलं नाही’. कोणाला? मागच्या तीन वाक्यांत लोंढा आहे, तलाव आहे, धरण आहे. ‘तो’चं रूप ‘त्याला’ आणि ‘ते’चंही ‘त्याला’, त्यामुळे हा शब्द तिघांनाही बसतो. उत्तर अर्थातून काढावं लागतं. पेलायचं काम धरणाचं, लोंढ्याचं नाही. पुढच्या वाक्यातलं ‘तेही फुटलं’ ही शंका मिटवतं: ‘तो लोंढा’, ‘तो तलाव’, पण ‘ते धरण’. सातवी-आठवीला हे फार आवडतं, कारण व्याकरणाच्या तासाला पाठ केलेलं लिंग इथे पहिल्यांदा कुठल्या तरी कामाला येतं. पाचवीसमोर लिंगाचं नाव न काढता नुसतं ‘तो की ते?’ एवढंच विचारा.

तिसरं ठिकाण तेच एक अक्षर, ‘ही’. ‘त्यालाही’, ‘तेही’. ‘ही’ आलं याचा अर्थ असंच आधी आणखी कुणाचं तरी झालं आहे. दोन धरणं हे उत्तर या एका अक्षरात आहे. आता पुन्हा बोटं दाखवायला सांगा.

वेळ उरला तर शेवटच्या वाक्यातल्या ‘मात्र’वर या. ‘मात्र’ का लिहिलं? कारण त्या दिवशी खडकवासलाही फुटलं, तरी नाव एकट्या पानशेतचं राहिलं. घड्याळाकडे बघून हे गाळलं तरी चालेल.

एवढं सगळं आठ मिनिटांत बसतं का?

बसतं. उतारा साठेक शब्दांचा आहे, पहिलं वाचन पाऊण मिनिटाच्या आत होतं. प्रश्न आणि बोटं मोजणं एक मिनिट, दुसरं वाचन आणि तीन थांबे साडेतीन मिनिटं. सुरुवातीला अर्धं मिनिट आणि शेवटी घरचं काम सांगायला दोन मिनिटं. जमत नसेल तर दोष जवळजवळ नेहमी सुरुवातीचा असतो: पाहुण्यांची नावं, दिनविशेषाची पुनरावृत्ती, कलामांचं चरित्र. त्यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३१ चा, म्हणून आजचा दिवस, एवढं एक वाक्य पुरे.

भाषणाची सुरुवात नेमकी कोणत्या वाक्यानं करावी?

‘मुलांनो, मी एक उतारा वाचणार आहे आणि मग एकच प्रश्न विचारणार आहे. उत्तर बोटांनी द्यायचं.’ याहून जास्त प्रस्तावना नको. सुविचार तर मुळीच नको, तो दोन मिनिटांपूर्वीच होऊन गेलेला असतो.

मुलांना रोजचं काम काय द्यायचं?

रोज एक परिच्छेद, पंधरा मिनिटं. पुस्तक कुठलंही चालेल, पण परिच्छेद आठ-दहा ओळींहून मोठा नको. एकदा सलग वाचायचा. मग दुसऱ्यांदा प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत जाऊन वाचायचा, आणि ‘तो, ती, ते, त्याला, तिथे, असं’ यांतला एखादा शब्द आला की तो कोणाबद्दल आहे हे मनात म्हणायचं. मग पुस्तक मिटायचं आणि परिच्छेदात काय आहे ते स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहायचं. शेवटी पुस्तक पुन्हा उघडून आपलं वाक्य ताडून बघायचं. चूक निघाली तर खोडायचं नाही, शेजारी दुरुस्ती लिहायची.

पुस्तक मिटून लिहिणं हा यातला खरा कस आहे. उघड्या पुस्तकावरून लिहिलेलं वाक्य लेखकाचंच असतं, दोन शब्द मागेपुढे केलेलं.

हे लिहायचं कुठे? वाचनालयाच्या पुस्तकात खुणा केलेल्या चालतात का?

अजिबात नाही, पेन्सिलीनंसुद्धा नाही. पुढच्या वाचकाचा डोळा त्या खुणेवरच जातो आणि त्याचं वाचन आधीच्या वाचकानं ठरवल्यासारखं होतं. पाठकोरा ए-फोर कागद उभा चार पट्ट्यांत कापा. प्रत्येक पट्टी सव्वापाच सेंटिमीटर रुंद आणि जवळजवळ तीस सेंटिमीटर लांब होते. मध्ये दुमडली की बहुतेक पुस्तकांत खूण म्हणून नीट बसते. कोऱ्या बाजूवर सात दिवसांच्या सात नोंदी मावतात: तारीख, पान क्रमांक, एक वाक्य. दोनशे मुलांना पन्नास कागद लागतात, आणि शाळेच्या कार्यालयात पाठकोरे कागद तेवढे सहज असतात.

छापील ‘वाचन डायरी’ वाटण्यापेक्षा ही पट्टी बरी. डायरी घरी राहते, सजवली जाते, आणि सहामाहीच्या आदल्या रात्री एकदम भरली जाते. पट्टी पुस्तकात असते आणि पुस्तकासोबत परत येते.

अडलेल्या शब्दाचं काय? लगेच कोश उघडायचा का?

वाक्य पुरं होईपर्यंत नाही. शब्दाशी थांबून कोश उघडला की वाक्याचा धागा तुटतो, आणि कोशातल्या चार अर्थांतला कुठला घ्यायचा हेही कळत नाही. आधी वाक्य शेवटपर्यंत वाचायचं, अंदाज बांधायचा, तो पट्टीवरच लिहायचा आणि पंधरा मिनिटं संपली की कोश बघायचा. ‘एवढं पाणी त्यालाही पेलवलं नाही’ यात ‘पेलवणं’ माहीत नसलं तरी पुढच्याच वाक्यात धरण फुटतं, त्यावरून अंदाज येतो.

एक अपवाद आहे. ओळखीचे वाटणारे पण ऱ्हस्व-दीर्घानं बदलणारे शब्द अंदाजानं सोडू नयेत. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, बिचारा. ‘शिर’ म्हणजे डोकं आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. इथे मुलाला शब्द अडलेला वाटतच नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही.

मूल ‘समजलं’ म्हणतं. खरंच समजलं की नाही, हे कसं ओळखायचं?

‘समजलं का?’ हा प्रश्नच सोडून द्या, त्याचं उत्तर कायम ‘हो’ असतं. पट्टीवरचं वाक्य बघा. ते पुस्तकातलं पहिलं किंवा शेवटचं वाक्य जसंच्या तसं असेल तर मुलानं मधलं वाचलेलं नाही. ‘या परिच्छेदात पुराबद्दल माहिती दिली आहे’ असं असेल तर त्यानं विषय ओळखला, मजकूर नाही. असं वाक्य तर शीर्षकावरूनही लिहिता येतं. ‘अर्धवट बांधलेलं पानशेत फुटलं आणि त्याच्या पाण्यानं जुनं खडकवासलाही फुटलं’ असं काही असेल तर समजलं. यात कारण आहे आणि क्रम आहे. तपासताना हे दोनच शोधा, म्हणजे एक पट्टी वाचायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत नाही. पट्टीवर शुद्धलेखनाच्या लाल खुणा करू नका. त्या दिसल्या की पुढच्या आठवड्यात मुलं सोपे, लहान आणि निरर्थक शब्द निवडायला लागतात.

कृतिपत्रिकेत उतारा असतोच. तोच सराव पुरत नाही का?

ती वेगळी कला आहे. परीक्षेत मुलं आधी कृती वाचतात आणि मग उताऱ्यात उत्तर शोधतात. वेळ कमी असतो, तेव्हा ते बरोबरच आहे. पण त्यात डोळा फक्त प्रश्नातला शब्द हुडकत फिरतो. प्रश्नात ‘खडकवासला’ असेल तर तो शब्द असलेली दोन वाक्यं वाचली जातात, बाकीची नाहीत. ‘त्यालाही पेलवलं नाही’ या वाक्यात खडकवासला हा शब्दच नाही, म्हणून ते निसटतं, आणि उत्तर नेमकं तिथे असतं. रोजच्या सरावात प्रश्न आधी माहीत नसतो, हाच त्याचा उपयोग.

सेमी-इंग्रजीच्या मुलांना गणित-विज्ञान इंग्रजीतून असतं. त्यांनी काय वाचावं?

आठवड्यातून दोन दिवस विज्ञानाच्या पुस्तकातला परिच्छेद घ्यावा. रीत तीच, फक्त डोळ्याची सवय उलटी लागते. इंग्रजीत नकार वाक्यात बराच आधी येतो आणि ‘अनलेस’, ‘ओन्ली’ असे लहान शब्द अख्खा अर्थ फिरवतात. पट्टीवरचं वाक्य मराठीत लिहू द्या. इंग्रजीतून लिहायला लावलं की ती मुलं पुस्तकातली ओळ उतरवतात, आणि पुस्तक मिटून करायची परीक्षा तिथेच बुडते.

पुस्तकं अपुरी आहेत. मग?

रोज एकच परिच्छेद वाचायचा असल्यामुळे पुस्तकांची संख्या फारशी आड येत नाही. बालभारती १९७१ पासून काढत असलेलं ‘किशोर’ मासिक बऱ्याच शाळांत कपाटात पडून असतं. जुने अंक वर्गाच्या पुस्तकपेटीत टाका, त्यांतले लेख या कामाला योग्य लांबीचे असतात. अप्पा बळवंत चौकातून जुनी माहितीपर पुस्तकं स्वस्तात मिळतात. घरचं वर्तमानपत्र चालतं, पण अग्रलेख नको, शहराच्या पानावरची एखादी बातमी घ्या.

भाषणात हमखास काय चुकतं?

कागदात बघून वाचणं. प्रात्यक्षिकाच्या थांब्यांना मान वर नसेल तर बोटं दिसणारच नाहीत. म्हणून उतारा मोठ्या अक्षरांत वेगळ्या कागदावर छापा आणि थांबायच्या जागी उभी रेघ मारा. दुसरं, माइक. पटांगणावरच्या कर्ण्यातून ‘तेही’ आणि ‘ते’ मागच्या रांगेला सारखंच ऐकू जातं, आणि अख्खं प्रात्यक्षिक तर ‘ही’वर उभं आहे. आदल्या दिवशी एका मुलाला मागच्या टोकाला उभं करून तेवढी दोन वाक्यं म्हणून बघा. ऐकू जात नसेल तर उतारा चार-पाच फलकांवर लिहून रांगांसमोर धरायला लावा. खरं तर तेच जास्त चांगलं, कारण शिकवायचं आहे ते वाचणं, ऐकणं नव्हे.

तिसरी चूक जरा नाजूक आहे. चुकीची बोटं दाखवणाऱ्या मुलाला पुढे बोलावू नका, गमतीनंसुद्धा नाही. ते पुन्हा कुठल्याच प्रश्नाला बोट दाखवणार नाही, आणि त्याच्या मागची रांगही नाही.

१५ ऑक्टोबरला सांगितलं आणि दिवाळीच्या सुट्टीत सगळं बंद पडलं. काय करावं?

ही तक्रार दरवर्षीची आहे आणि दोष तारखेचा आहे. ऑक्टोबरात पहिल्या सत्राची परीक्षा आणि लागून दिवाळी, म्हणजे सवय रुजायच्या आत खंड. म्हणून १५ ऑक्टोबरला फक्त प्रात्यक्षिक करा आणि सुट्टीसाठी एकच पट्टी द्या, सात दिवसांची. रोजचा नेम शाळा पुन्हा भरल्यावर पहिल्या सोमवारी सुरू करा. तेव्हा नवं भाषण नको. वर्गावर जाऊन तीन मिनिटांत नव्या उताऱ्यावर एक थांबा दाखवा आणि पट्ट्या वाटा.

हे सगळ्याच मुलांना जमेल का?

नाही. ज्या मुलाला अजून अक्षरं जुळवत वाचावं लागतं, त्याचं सगळं बळ जोडाक्षरं फोडण्यातच जातं. त्याला ‘त्याला म्हणजे कोणाला’ विचारण्यात अर्थ नाही. अशा मुलाला आधी मोठ्यानं वाचायचा सराव हवा, कुणीतरी शेजारी बसून. पट्टी नंतर. ओळ सुटते, तीच ओळ पुन्हा वाचली जाते किंवा पुस्तक नाकाशी धरलं जातं असं दिसलं तर आधी डोळे तपासायला सांगा. आणि वाचनाची खरीखुरी अडचण असलेल्या मुलाला परिपाठात उतारा वाचायला कधीच उभं करू नका. त्याला उतारा वाचून दाखवा आणि वाक्य तोंडी सांगू द्या. कारण आणि क्रम त्यातही तपासता येतात.